आमच्या खोलीतलं मोटारीचं बटण

पलंगाच्या पायाला तेल घालणारा माणूस दिसला, तर तुम्हाला काय वाटेल? पलंग करकरतो, एवढंच वाटेल. आमच्या काकांना वाटलं, माझी कंबर गेली.

त्यांचा तर्क ऐकण्यासारखा होता. सुटीची सकाळ, लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, आणि हा पुतण्या जमिनीवर आडवा पडून पलंगाखाली डोकं घालतोय. धडधाकट माणूस वाकून तेल घालतो. ज्याला वाकता येत नाही तो झोपून घालतो. "कधीपासून दुखतेय?" त्यांनी विचारलं. मी पलंगाखालून "काय?" म्हणेपर्यंत ते बाहेर जाऊन जाहीर करूनही आले होते.

आता खरं कारण सांगायचं, तर तो पलंग का करकरू नये हे सांगावं लागलं असतं. ते सांगायची माझी छाती नव्हती. मी कमरेला हात लावला आणि "आई गं" म्हणालो. माझ्या पुढच्या सगळ्या हालअपेष्टा त्या दोन शब्दांतून निघाल्या.

आमचं घर आधी समजून घ्यायला हवं. वरच्या मजल्यावर चार खोल्या, त्यांत आई-बाबा, काका-काकू, आत्या, चुलतभाऊ, वहिनी, त्यांची जुळी आणि आम्ही दोघं. लग्न ठरल्यावर मला जी खोली मिळाली ती आधी अडगळीची होती. अडगळ निघाली, पण अडगळीवरचे हक्क निघाले नाहीत. इस्त्रीचं टेबल तिथंच, औषधांचं कपाट तिथंच, काकांचं वजन करायचं यंत्र तिथंच. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पाण्याच्या मोटारीचं बटण तिथंच. नळाला पाणी आलं की खालच्या हौदात पडायचं, आणि तिथून मोटार ते गच्चीवरच्या टाकीत चढवायची. ते बटण माझ्या उशीच्या वर हातभर अंतरावर होतं. "पाणी आलं!" अशी आरोळी उठली की ज्याच्या पायात चपला असतील तो आमच्या खोलीत घुसायचा, बटण दाबायचा आणि जाता जाता "झोपा, झोपा" म्हणायचा.

दाराला कडी नव्हती. आमच्या घरात कुठल्याच दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी, आजोबा होते तेव्हा, ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले आणि दार फोडून त्यांना बाहेर काढावं लागलं. आजोबा वाचले, दार गेलं. त्याच दिवशी आत्यानं पेचकस घेऊन घरातल्या सगळ्या कड्या काढल्या आणि बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्या. तेव्हापासून न्हाणीघरात गेलेल्या माणसानं गाणं म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं की आत कोणीतरी आहे आणि ते शुद्धीवर आहे. आमच्या घरात सगळ्यांना गाता येतं ते यामुळे. बाबा तर आंघोळीला एक आणि दाढीला दुसरं असं म्हणतात. माझ्या बायकोला पहिल्या दिवशी हे कोणी सांगितलं नव्हतं. ती बिचारी गप्प राहून आंघोळ करत होती आणि काकू टॉवेल घ्यायला आत गेल्या. त्यानंतर ती पाढे म्हणायला लागली, कारण तिला गाता येत नाही.

तर अशा घरात, अशा खोलीत, दाराबाहेर लगेच आत्याची खाट. मधे एक जुनं दार आणि त्या दाराची फट.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण टाळून किती टाळणार. पहिल्या रात्री जमलं नाही. हे पुष्कळांचं होतं असं नंतर कळलं, पण नंतर. त्या वेळी मला वाटलं, जगात हे फक्त माझंच. दोघंही नवखे, लग्नाच्या दगदगीनं गळालेले, आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत असतानाच दाराबाहेर आत्या खोकली. साधं खोकली. पण माझ्या मनात आलं, म्हणजे ती जागी आहे. म्हणजे पलंगाचं करकरणं तिला ऐकू येतंय. आणि त्याबरोबर माझ्या शरीरानं हातपाय गाळले. हातपाय म्हणजे, तुम्हाला कळलंच.

बायको म्हणाली, "असू दे, दमलायस." चारचौघांत ती मला अहो-जाहो करते, खोलीत अरे-तुरे. त्या "दमलायस"मध्ये माया होती. पण मी ती माया ऐकलीच नाही. मी ऐकलं ते एवढंच, की हिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वेगळाच उद्योग सुरू केला. आमच्या कारखान्यात दुकानांचे तराजू बनतात आणि मी तिथं तपासनीस आहे. लोकांच्या मागं उभं राहून ते काम कसं करतात हे बघायचा मला पगार मिळतो. स्प्रिंग बसवणाऱ्या बाईच्या मागं मी उभा राहिलो की तिचा हात थरथरतो. मी हललो की नीट बसवते. हे मला चांगलं ठाऊक. पण घरी, त्या पलंगावर, मी स्वतःच्याच मागं जाऊन उभा राहायला लागलो. आता होतंय का? अजून आहे का? गेलं का? बायको माझ्या केसांतून हात फिरवत असायची आणि मी तपासणी करत असायचो. तिच्याकडे लक्षच नाही. आणि तपासणीचा निकाल रोज एकच. मग पुढं पुढं संध्याकाळ झाली की मी खोलीत जाणं टाळायला लागलो. मी जेवण लांबवायचो, बाबांबरोबर बातम्या बघत बसायचो, ज्याच्याशी एरवी चार शब्द बोलत नाही त्या चुलतभावाला राजकारणाबद्दल विचारायचो. खोलीत जाईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. निदान मला तसं वाटायचं.

म्हणून मी ठरवलं की दोष पलंगाचा आहे. माणसाला दोष ठेवायला काहीतरी लागतं, आणि पलंग उलट बोलत नाही. तिथून ते तेल.

कमरेची बातमी दुपारपर्यंत घरभर आणि संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावर गेली. खाली निवृत्त पोस्टमास्तर राहतात. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची पत्रं पोचवली, त्यामुळे कुठलीही गोष्ट स्वतःपाशी ठेवणं त्यांना जमत नाही. ते वर आले, माझ्या पाठीवर दोन ठिकाणी अंगठा दाबला आणि म्हणाले, "मऊ गादी. मऊ गादीनंच जाते कंबर. फळी टाका."

फळी टाकायची म्हणून सुतार आला. सुतारानं पलंग हलवून बघितला आणि मान हलवली. सुताराची मान ज्या दिशेनं हलते ना, तिकडे खर्च असतो. "सगळे सांधे ढिले," तो म्हणाला. "खोलावा लागेल." पलंग खोलला. तो खोलताना सगळं घर भोवती उभं होतं. काका प्रत्येक सांध्याकडे बोट दाखवून विचारत होते, "हा एवढा ढिला कसा झाला? नवाच तर आहे!" वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. आता हे काय दुःख आहे बघा: जे घडलंच नाही त्याचं श्रेय मला मिळत होतं, आणि ते नाकारायचीही सोय नव्हती.

सुतार पलंगाचे पाय घेऊन गेला आणि दुसऱ्या कामात अडकला. तेवढे दिवस माझी रवानगी बैठकीत, काकांच्या शेजारी, फळीवर. काका रोज संध्याकाळी माझ्या कमरेला तेल चोळायचे. त्यांच्या हातात अजून पूर्वीची ताकद आहे. माझी धडधाकट कंबर त्या आठवड्यात खरोखरच दुखायला लागली, म्हणजे निदान खोटं बोलल्याचं पाप तरी फिटलं.

पोस्टमास्तरांना मात्र संशय आला असावा. ते मला जिन्यात गाठून खालच्या आवाजात म्हणाले, "कमरेच्या दुखण्याचं मूळ अशक्तपणात असतं. स्टँडमागं एकजण बसतो. पुडी देतो. दुधातून." मी पुडी आणली. ती मी दोन दिवस घेतली. माझी छाती धडधडायला लागली, तोंड लाल झालं, आणि आई म्हणाली, "बघा, फळीनं कशी तकाकी आलीय!" मी उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या. इतकं घाबरलो की शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो.

दवाखान्याच्या खिडकीमागं एक बाई होत्या आणि खिडकीपुढं सगळं गाव होतं. "तक्रार?" बाई ओरडल्या. खिडकीच्या काचेला भोक खाली आणि बाईंचे कान वर, त्यामुळे तिथं कुजबुजता येत नाही. मी म्हणालो, "जरा खासगी आहे." बाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोला!" माझ्या मागचा माणूस मदतीला आला. "खासगी आहे म्हणतायत!" त्यानं ओरडून सांगितलं. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मी कच खाल्ली आणि म्हणालो, "कंबर."

मग मी हाडांच्या विभागात गेलो. तिथं माझ्या कमरेचा फोटो काढला. हाडांच्या डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि मोकळ्या मनानं म्हणाले, "सुंदर कंबर आहे. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवून घेऊ का?" आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या शरीराची स्तुती केली, आणि ती हाडांपर्यंतच पोचली. मला रडूच आलं. ते चांगले होते. त्यांनी दार लोटलं आणि विचारलं, "खरं काय आहे?" मी खरं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी एका कागदावर खोलीचा क्रमांक लिहून दिला आणि म्हणाले, "तिथल्या डॉक्टरबाई याच कामाच्या आहेत. लाजू नका, त्यांच्याकडे निम्मे नवरे कमरेची तक्रार सांगूनच येतात."

डॉक्टरबाई माझ्या आईच्या वयाच्या. मी खुर्चीच्या कडेवर बसलो.

"सकाळी जाग येताना ताठरता असते का?" त्यांनी विचारलं, म्हणजे घरी "साखर आहे का" विचारतात तितक्या सहज.

"असते."

"एकट्यानं असताना?"

मी पंख्याकडे बघितलं. "असते."

"आणि दोघं असताना सुरुवातीला येते, मग जाते?"

"हो. कोणी खोकलं की."

त्यांनी रक्तदाब मोजला, तपासलं, साखर बघायला रक्त घेतलं. "हे बघावंच लागतं," त्या म्हणाल्या, "कारण कधी कधी मधुमेहासारख्या आजाराचं हे पहिलं लक्षण असतं. पण तुमचं मला तसं वाटत नाही. यंत्रणा बिघडली असती तर सकाळीही चालली नसती." मग त्यांनी समजावून सांगितलं. ताठरता हुकमानं येत नाही. शरीर निवांत असलं की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरतं. माणूस घाबरला की शरीराला वाटतं, संकट आलं, आता पळायचंय. मग छाती धडधडते, रक्त हातापायांकडे धावतं आणि त्या वाहिन्या आवळल्या जातात. "वाघ मागं लागलेल्या माणसाला ताठरता येत नाही, आणि येऊही नये. तुमचं शरीर अगदी बरोबर वागतंय. फक्त वाघ नाहीये."

"आत्या आहे," मी म्हणालो.

"आत्या नुसती पहिल्या दिवशीची. त्यानंतर वाघ तुम्हीच. एकदा जमलं नाही, म्हणून पुन्हा जमेल का याची भीती. भीतीनं पुन्हा जमत नाही. म्हणून आणखी भीती. काम काय करता तुम्ही?"

मी सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या. "मग तुम्हाला जास्त सांगायला नको. त्या तपासनिसाला खोलीबाहेर काढा." गोळीचं विचारलं तर म्हणाल्या, गोळी आहे, पण गरज पडली तर रक्तदाब आणि बाकी सगळं बघून मी देईन, आपल्या मनानं आणायची नाही. पुडीचं सांगितल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात काय काय मिसळलेलं असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं म्हणे.

"पुढच्या वेळी बायकोला घेऊन या," त्या म्हणाल्या. "हे दोघांचं आहे. तिला काय वाटतंय, विचारलंय कधी?"

मी विचारलं नव्हतं. हा प्रश्न मला सुचलाही नव्हता.

आता बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणजे घरी काहीतरी सांगायला हवं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांचे डोळे तपासते. तिच्या सुटीच्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आईनं विचारलं, "कुठं?" मी कंबर म्हणायच्या आत बायको म्हणाली, "दवाखान्यात. मला घेऊन चाललेत."

तिनं खरं तेच सांगितलं होतं. पण सून, तीन महिने आणि दवाखाना हे तीन शब्द आमच्या घरात एका वाक्यात आले की त्याचा एकच अर्थ होतो. आईनं काकूकडे बघितलं. काकूनं वहिनीकडे बघितलं. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वरून काकांचा आवाज आला, "तरी म्हटलं, पलंग एवढा ढिला कसा!" खाली पोस्टमास्तर दारात उभे होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. "पुडी लागू पडली," ते म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. मग एकदम म्हणाली, "मला एक सांग. खरं सांग. मी आवडत नाही ना तुला?"

मी बाकावरच तिच्याकडे वळून बसलो.

"तू जेवल्यावर बाबांबरोबर बसतोस. भावजींबरोबर राजकारण बोलतोस. कंबर दुखते म्हणून बैठकीत जाऊन झोपलास. मला वाटलं, घरच्यांनी जबरदस्तीनं केलं असेल तुझं लग्न. मी जागीच असते रे. तू येऊन झोपेपर्यंत जागी असते." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "मी आईकडे जाऊन राहायचं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात. परत यायचं की नाही ते ठरवलं नव्हतं."

तिथं त्या बाकावर, शेजारी प्लास्टर घातलेला एक म्हातारा बसलेला असताना, मी तिला सगळं सांगितलं. आत्याचं खोकणं, तपासणी, तेल, पुडी, सगळं. ती आधी घाबरली, मग तिनं माझा हात धरला, आणि फोटो काढलेल्या कमरेपर्यंत पोचलो तेव्हा ती हसायला लागली. इतकी हसली की प्लास्टरवाले आजोबाही हसले. मला खूप दिवसांनी हलकं वाटलं. इतके दिवस मी माझी अब्रू सांभाळत होतो, आणि तिकडे बायको चालली होती.

डॉक्टरबाईंनी माझ्या रक्ताचा निकाल चांगला असल्याचं सांगितलं आणि मग एक बॉम्ब टाकला. "आजपासून संबंध बंद."

"ते तसेही बंदच आहेत," मी म्हणालो.

"आता माझ्या सांगण्यावरून बंद. म्हणजे नापास व्हायची सोयच नाही." मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. एकानं स्पर्श करायचा, दुसऱ्यानं नुसतं पडून राहायचं आणि काय बरं वाटतं ते सांगायचं; मग उलट. पहिले काही दिवस पाठ, हात, केस, पाय एवढंच. मग हळूहळू सगळीकडे, पण तरी संबंध नाही. ताठरता आली तर येऊ द्यायची, गेली तर जाऊ द्यायची; गेलेली परत येते, हे एकदा बघितलं की भीती जाते. "आणि दार लावता येईल अशी जागा हवी," त्या म्हणाल्या. "ते औषधाइतकंच महत्त्वाचं."

दार! डॉक्टरबाईंना आमचं घर माहीत नव्हतं.

आम्ही परतलो तर आई उंबऱ्यात उभी. काकूनं बायकोला खुर्चीत बसवलं, वहिनीनं पायाखाली स्टूल सरकवलं, जुळ्यांना ओरडून सांगितलं की नव्या काकूला धक्का लावायचा नाही. काका वजनाचं यंत्र घेऊन आले. बायको म्हणाली, "आई, तसं काही नाहीये." आई म्हणाली, "सुरुवातीला सांगू नयेच." बायको म्हणाली, "खरंच नाही." काकू म्हणाल्या, "मीसुद्धा असंच म्हणायचे." तेव्हा मात्र ती उठली आणि आमच्या खोलीत निघून गेली. दार लोटलं, आणि दार आपल्या सवयीनं परत उघडलं.

आत्या उठली, आत गेली आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ आत बोलणं चाललं होतं. आत काय बोलणं झालं ते बायकोनं मला नंतर सांगितलं. आत्यानं एवढंच विचारलं होतं, "माझं खोकणं ऐकू येतं का गं आत?" बायको म्हणाली, "येतं." आत्या म्हणाली, "मला वाटलंच. मी तोंडात पदर धरून खोकते, तरी येत असेल." आणि मग ती थोडा वेळ बायकोच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

बाहेर आल्यावर तिनं मांडणीवरून बिस्किटांचा डबा काढला. डब्यातून एक कडी काढली, पेचकस घेतला आणि स्टूल ओढून दारापाशी चढली.

"अगं, पण आजोबा..." बाबा म्हणाले.

"एक माणूस आत पडला म्हणून आपण सगळ्या घराला उघड्यावर ठेवलं," आत्या म्हणाली. "मी काढली, मीच लावते." तिनं स्क्रू पिळायला सुरुवात केली. "आणि ऐका सगळ्यांनी. ही कडी लागली की दार वाजवायचं नाही. इस्त्री नाही, औषध नाही, वजन तर नाहीच."

"आणि पाणी?" काकांनी विचारलं.

"पाणी आलं की हा बटण दाबेल. याच्याच उशाशी आहे."

"आणि आग लागली तर?" काका हुशार आहेत.

"आग लागली तर वाजवा," आत्या म्हणाली. "दुसरं काहीही असो, वाजवायचं नाही."

संध्याकाळी तिची खाट गॅलरीत गेली. पलंगाचे पायही आले. सुतार खुशीत होता, कारण त्याला वाटलं बारशाचं काम निघेल आणि पाळण्याची ऑर्डर मिळेल.

मग आमची ती बंदी सुरू झाली. सुरुवातीला आम्हाला हसूच फार यायचं. बायकोला तिच्या धंद्याची सवय. माझ्या पाठीवर एकदा बोटं फिरवायची, एकदा तळहात, आणि विचारायची, "हे बरं, की हे?" मी म्हणायचो, "पहिलं." मग ती, "आता? पहिलं की दुसरं?" असा माझा नंबर काढणं चालायचं. माझी पाळी आली तेव्हा मला कळलं की तिच्या मानेमागं हात लावला की ती बोलायचीच थांबते. लग्नाला इतके महिने झाले आणि हे मला माहीत नव्हतं, कारण मी दुसरीकडेच बघत होतो. अधूनमधून तपासनीस यायचा. मग आठवायचं, आज परीक्षाच नाहीये, आणि तो बिचारा कंटाळून निघून जायचा. एकदा सगळं आलं आणि गेलं, आणि मी तोंड पाडलं. ती म्हणाली, "जाऊ दे की. डॉक्टरांनी सांगितलंय, जाऊ दे." आणि ती मानेमागचा हात तसाच ठेव म्हणाली. थोड्या वेळानं गेलेलं परत आलं. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कळलं. गप्प राहा."

घर आपला शब्द पाळत होतं, पण तो पाळणं सगळ्यांना जड जात होतं. काका जाताना आमच्या दारापाशी चपला हातात घ्यायचे. इस्त्रीविना बाबा चुरगळलेला शर्ट घालून गेले. कोणी विचारलं नाही, कोणी काही बोललं नाही, आणि आमच्या घरात कोणी काही न बोलणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

आणि तो रविवार आला. दुपारची जेवणं झाली होती. "पाणी आलं!" अशी आरोळी उठली. मी उशीवरून हात वर करून मोटारीचं बटण दाबलं, आणि उठून कडी लावली. स्पर्श करायची पाळी तिची होती. पाठ, मग हात, मग "हे बरं की हे?" यांतलं काहीतरी तिनं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. पुढं काय झालं ते सांगायचं नसतं. एवढंच सांगतो की त्या दिवशी डॉक्टरबाईंची बंदी मोडली, आणि ती मोडली गेली हे आमच्या लक्षातही फार उशिरा आलं. तपासनीस कुठं होता मला माहीत नाही. बोलवायला मी विसरलो.

नंतर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. मला तहान लागली. मी शर्ट चढवला, कडी काढली आणि दार उघडलं.

बैठकीत घोट्याएवढं पाणी होतं. गच्चीवरच्या टाकीतून वाहिलेलं पाणी जिन्यावरून धबाधबा घरात येत होतं. आईच्या हातात फडकं, काकूच्या हातात बादली, बाबा आणि चुलतभाऊ जिन्याला पोती लावतायत, जुळी टेबलावर बसून टाळ्या वाजवतायत. काका माझ्या दारापुढं उभे होते, मूठ दारावर वाजवायला वर उचललेली, आणि आत्यानं त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

आणि या गदारोळातलं, बादल्यांचं, पाण्याचं, ओरडण्याचं मी काहीही ऐकलं नव्हतं. मी, ज्याला फटीतून खोकला ऐकू यायचा!

खालून पोस्टमास्तर छत्री उघडून वर आले. त्यांच्या घरात छत गळत होतं. "अहो, किती वेळ झाला!" ते ओरडले. "एवढी माणसं आहात, एकानं तरी दार वाजवायचं नाही का?"

"आग लागली नव्हती," आत्या शांतपणे म्हणाली. "पाणी काय, उद्याही येतं."

मी जिन्यापाशी पोतं लावायला वाकलो. तेवढ्यात आतून बायकोनं, सगळे ऐकताहेत म्हणून, अगदी शिस्तीत हाक मारली.

"अहो, मोटार बंद केलीत का?"

मी धावत आत गेलो आणि बटण बंद केलं. मग कडी पुन्हा लावली.